चिवड्याचं पाकीट, वेबसाइट आणि रील: क्लायंटला काम सोपवण्याआधी फॉन्ट, फोटो आणि संगीताचे परवाने कसे तपासायचे

एक काम डोळ्यांसमोर धरू. इंदूरच्या सांवेर रोडवर चिवड्याचा छोटा कारखाना आहे. मालक मराठी, राहायला लोकमान्य नगरात, तुमच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांना तीन आकारांच्या पाकिटांचं डिझाइन, एक साधी वेबसाइट आणि दिवाळीसाठी तीस सेकंदांचं रील हवं आहे. तुम्ही फ्रीलान्स नुकतंच सुरू केलंय, काका म्हणतात, "तूच कर सगळं, घरचंच काम आहे."

या एका कामात फॉन्ट, स्टॉक फोटो आणि संगीत तिन्ही येतात, आणि तिन्ही दुसऱ्या कुणाच्या मालकीचे असतात. आपण विकत घेतो ती वस्तू नसते, वापरण्याची परवानगी असते. ती परवानगी एका नावावर, ठरावीक वापरासाठी आणि बरेचदा ठरावीक मर्यादेपर्यंत असते. आपल्या नावावरची परवानगी काकांच्या पाकिटावर, काकांच्या वेबसाइटवर, काकांच्या चॅनलवर चालते का, हेच आपल्याला तपासायचंय.

पहिलं पाऊल: कोटेशनच्या आधी चार प्रश्न

डिझाइनला हात लावण्याआधी काकांना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पाकिटं महिन्याला किती छापणार? फाइल पुढे कोण बदलणार, तुम्ही की छापखाना? रील कुठेकुठे लागणार: फक्त इन्स्टाग्राम, की यूट्यूब, दुकानातला टीव्ही आणि पैसे देऊन चालवलेली जाहिरातही? आणि माल इंदूरबाहेर, देशाबाहेर जाणार आहे का?

समजा उत्तर आलं: लहान पाकिटं महिन्याला १५,०००, मधली २०,००० आणि मोठी १०,०००. दर बदलला की छापखानाच आकडे बदलेल. रील सगळीकडे लागेल. हे आकडे जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसरं पाऊल: फॉन्ट

नव्या माणसाची पहिली चूक इथे होते, कारण फॉन्ट कॉम्प्युटरवर आधीपासून असतात आणि त्यांना मालक आहे असं वाटतच नाही. आपल्याकडे एक पेनड्राइव्ह या छापखान्यातून त्या छापखान्यात फिरत असतो, त्यात शेकडो देवनागरी फॉन्ट असतात. त्यातले बरेच कुणीतरी कधीतरी पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून उचललेले असतात. तो सेट क्लायंटच्या कामात वापरू नका. फॉन्ट कुठून आला हे सांगता येत नसेल, तर तो आपल्यासाठी नाहीच असं धरा.

फॉन्ट म्हणजे एक सॉफ्टवेअर फाइल. तिच्या परवान्यात वेगवेगळ्या वापरांसाठी वेगवेगळी कलमं असतात. डेस्कटॉप परवाना म्हणजे कॉम्प्युटरवर बसवून छापायचं किंवा चित्र बनवायचं काम. वेबसाइटवर तोच फॉन्ट जिवंत अक्षर म्हणून दिसायला हवा असेल तर वेबफॉन्टचा परवाना वेगळा, आणि बऱ्याच फाउंड्री, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्या, तो महिन्याच्या पेज व्ह्यूजवर मोजतात. मोबाइल अ‍ॅपमध्ये फॉन्टची फाइल घालायची तर त्याचाही सहसा वेगळाच. म्हणून "मी विकत घेतलाय" एवढं उत्तर पुरत नाही, कशासाठी घेतलाय ते सांगता आलं पाहिजे.

काकांच्या कामात मी फॉन्टची दोन गटांत वाटणी करीन.

पहिला गट, न बदलणारी अक्षरं: ब्रँडचं नाव, "खमंग चिवडा" हा मोठा मथळा. इथे पैसे देऊन घेतलेला किंवा अडोबी फॉन्ट्समधला फॉन्ट चालेल. तुमचं सबस्क्रिप्शन असेल तर त्यातले फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतात, पीडीएफमध्येही घालता येतात. पण फॉन्टची फाइल क्लायंटला किंवा छापखान्याला देता येत नाही. छापखान्यातून हमखास फोन येतो, "फॉन्ट भी भेज देना." तेव्हा फॉन्ट पाठवायचा नाही, अक्षरांचे कर्व्ह करून फाइल पाठवायची. कोरलमध्ये Ctrl+Q, इलस्ट्रेटरमध्ये Shift+Ctrl+O. अक्षर मग अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि छापखान्याला फॉन्टची गरज उरत नाही. कर्व्ह करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत स्वतःकडे ठेवा, नाहीतर एक मात्रा बदलायला सगळं पुन्हा लिहावं लागेल.

दुसरा गट, बदलणारी अक्षरं: किंमत, वजन, साहित्य, पत्ता. हे छापखानाच बदलणार, म्हणजे फॉन्ट त्यांच्याकडे असायलाच हवा. इथे मोफत वाटता येणारा फॉन्टच वापरा. सिल ओपन फॉन्ट लायसन्स नावाचा एक परवाना आहे, सगळे त्याला ओएफएल म्हणतात. गुगल फॉन्ट्सवरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली आहेत: एक टाइप या फाउंड्रीचे मुक्त आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, शिवाय नोटो सान्स देवनागरी. छपाई, वेबसाइट, लोगो, व्यावसायिक विक्री, सगळ्याला हे चालतात आणि फाइलही पुढे देता येते. बंधनं थोडीच आहेत. फॉन्ट नुसता, एकटा विकायचा नाही. तो दुसऱ्याला देताना परवान्याची फाइल सोबत द्यायची. आणि फॉन्टच्या आत बदल केलेत तर राखीव ठेवलेलं मूळ नाव त्याला द्यायचं नाही.

वेबसाइटलाही याच गटातला फॉन्ट घ्या. अडोबी फॉन्ट्स तुमच्या खात्यातून काकांच्या वेबसाइटवर चालवत ठेवता येत नाहीत, त्यासाठी क्लायंटचं स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं. तुम्ही उद्या तुमचं सबस्क्रिप्शन बंद केलंत तर काकांच्या साइटवरची अक्षरं बदलून जातील, आणि त्यांना कारणही कळणार नाही.

तपासायचं कसं? फॉन्ट उतरवून घेतल्यावर झिप उघडा आणि आत `OFL.txt` किंवा `LICENSE.txt` आहे का बघा. मोफत फॉन्टच्या साइटवर पानावर काहीही लिहिलेलं असो, आतली फाइल वाचा. तिथे "Free for personal use" किंवा "Demo" असेल तर क्लायंटच्या कामाला तो बंद, क्लायंट कितीही लहान असला तरी. विंडोजमध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून Properties आणि मग Details उघडलं की कॉपीराइट आणि परवान्याची ओळही बरेचदा दिसते. आणि छापखान्याला जाणाऱ्या अंतिम पीडीएफवर ही आज्ञा चालवा:

```
pdffonts chivda-500g.pdf
```

ही पॉपलर नावाच्या मोफत साधनसंचात येते. पीडीएफमध्ये जे जे फॉन्ट आहेत त्यांची यादी ती देते, आणि `emb` च्या रकान्यात फॉन्ट आत घातलाय की नाही हे yes किंवा no असं दाखवते. सगळं कर्व्ह केलेलं असेल तर यादी रिकामी येते. मथळा कर्व्ह करायचा विसरलात तर त्या फॉन्टचं नाव इथे दिसेल. आणि कधी कधी इथे एखादं असं नाव दिसतं जे आपण मुद्दाम घेतलंच नव्हतं. जुन्या टेम्पलेटमधून कॉपी केलेल्या एका ओळीबरोबर तो फॉन्ट आलेला असतो. माझ्या कामात हे दोनदा सापडलंय, दोन्ही वेळा पत्त्याच्या ओळीत.

तिसरं पाऊल: फोटो

"रॉयल्टी फ्री" याचा अर्थ फुकट नाही. एकदा पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरायचे नाहीत, एवढाच. आणि दर वापराला भरायचे नाहीत म्हणजे वापराला मर्यादा नाही असंही नाही.

काकांच्या पाकिटावर केळीच्या पानावर ठेवलेल्या चिवड्याचा स्टॉक फोटो घ्यायचं ठरलं. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक, तिघांच्याही साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा ५,००,००० आहे. नव्या माणसाला वाटतं, पाच लाख म्हणजे आपल्याला कधीच लागणार नाहीत. आता मघाचे आकडे काढा. १५,००० अधिक २०,००० अधिक १०,०००, म्हणजे महिन्याला ४५,००० पाकिटं. फोटो तिन्ही आकारांवर तोच आहे, म्हणून तिन्हींची बेरीज धरायची. अकरा महिन्यांत ४,९५,००० प्रती होतात. बाराव्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात मर्यादा ओलांडली जाते. काकांनी काही वेगळं केलेलं नसतं, त्यांचा धंदा ठरल्याप्रमाणे चाललेला असतो, आणि परवाना मात्र संपलेला असतो.

त्यावर दोन रस्ते आहेत. सुरुवातीलाच मोठा परवाना घ्यायचा, त्याला एन्हान्स्ड किंवा एक्स्टेंडेड म्हणतात, आणि तो बराच महाग पडतो. किंवा चिवड्याचा फोटो इथेच काढून घ्यायचा. पाकिटासाठी मी जवळजवळ नेहमी दुसरा रस्ता सुचवते. फोटोग्राफर, एक केळीचं पान आणि अर्धा दिवस लागतो. प्रतींची मर्यादा राहत नाही, आणि तोच फोटो उद्या दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर दिसण्याची भीतीही राहत नाही. स्टॉकमध्ये तो धोका कायम असतो, कारण तोच फोटो कुणीही घेऊ शकतं. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे इथे काका. फोटोग्राफरने त्याच्या बिलामागे वेगळी अट छापलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

वेबसाइटच्या वरच्या पट्टीला किंवा इन्स्टाग्रामच्या पोस्टला स्टॉक फोटो बिनधास्त घ्या, तिथे प्रतींची अडचण नाही. पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

फोटोखाली "Editorial Use Only" लिहिलंय का? राजवाड्यासमोरची गर्दी, सराफ्यातली रात्र, एखादी मिरवणूक, असे फोटो बरेचदा या गटात असतात, कारण त्यातल्या माणसांची लेखी संमती घेतलेली नसते. बातमीला ते चालतात, चिवडा विकायला नाहीत. शोधताना डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये हा गट आधीच वगळा, म्हणजे आवडलेला फोटो नंतर सोडावा लागत नाही.

फोटोत ओळखता येणारा चेहरा आहे का? अनस्प्लॅश आणि पेक्सेल्सवरचे फोटो व्यावसायिक कामाला मोफत वापरता येतात. पण ती परवानगी फोटोग्राफरची. फोटोतल्या माणसाने संमती दिलीय याची हमी त्यात मिळत नाही. हसणाऱ्या आजींचा फोटो चिवड्याच्या जाहिरातीत लावला की त्या आजी या चिवड्याची शिफारस करताहेत असा अर्थ होतो. तिथे मॉडेल रिलीज, म्हणजे त्या माणसाची लेखी संमती, असलेला विकतचा फोटोच घ्या, नाहीतर काकांच्या घरच्या आजींना विचारा.

आणि फोटो किंवा चित्र लोगोत जाणार आहे का? स्टॉकमधलं चित्र लोगोत घालून त्याचा ट्रेडमार्क करता येत नाही, या कंपन्यांचे साधे परवाने ते सरळ नाकारतात. कॅन्व्हाच्या टेम्पलेटमधलं छानसं मिरचीचं चित्र उचलून लोगो बनवला, तर काका ट्रेडमार्कचा अर्ज भरायला जातील तेव्हा अडचण उभी राहील. लोगोतली मिरची स्वतः काढा.

खरेदी कुणाच्या खात्यातून करायची, यावर माझं मत ठाम आहे: क्लायंटच्या. काकांच्या ईमेलवर खातं उघडा, पैसे त्यांचे, परवाना त्यांच्या नावावर, पावती त्यांच्या इनबॉक्समध्ये. ते जमत नसेल तर आपल्या खात्यातून घेऊन क्लायंटला देता येतं, मोठ्या स्टॉक कंपन्या याला परवानगी देतात. पण तो वापर त्या एकाच क्लायंटपुरता असतो. दिवाळीत काकांसाठी घेतलेला पणत्यांचा फोटो पुढच्या वर्षी मिठाईवाल्याच्या कामात चालवायचा नाही, तिथे नवा परवाना घ्यायचा. फोल्डरला "दिवाळी फोटो" असं नाव दिलंत तर ही चूक होणारच. फोल्डर क्लायंटच्या नावाने करा.

चौथं पाऊल: संगीत

संगीतात एका गाण्यावर किमान दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. तुकोबांचा अभंग कुणाच्याही मालकीचा नाही, शब्द चारशे वर्षांपूर्वीचे आहेत. पण तो अलीकडे कुणी चाल लावून, गाऊन मुद्रित केला असेल, तर ती चाल आणि ते मुद्रण त्यांच्या मालकीचं. भारतात मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून "पारंपरिक आहे, चालतं" हे वाक्य ऐकलं की विचारा, ध्वनिमुद्रण कुणाचं?

आणि दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, असं जे सगळे सांगतात तसं कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओखाली श्रेय लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही, परवान्यातच तशी सोय असेल तर गोष्ट वेगळी.

इन्स्टाग्रामवर गाण्यांची मोठी यादी दिसते, तिथून गाणं घेतलं तर काय बिघडलं? ती यादी लोकांच्या वैयक्तिक वापरासाठी आहे. धंद्याच्या खात्यासाठी मेटाचं वेगळं मोफत साउंड कलेक्शन आहे, पण तेही फक्त मेटाच्याच प्लॅटफॉर्मवर चालतं. सुरुवातीच्या काळात मी एका साड्यांच्या दुकानाचं रील चालू असलेल्या एका सिनेगीतावर केलं, मालकीणबाईंच्या वैयक्तिक खात्यावर टाकलं आणि ते छान चाललंही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी ते पैसे देऊन बूस्ट करायला घेतलं, तर संगीतामुळे बूस्ट होईना. रात्री दहा वाजता मी संगीत बदलून, सगळे कट नव्या ठेक्यावर बसवून दुसरं रील पाठवलं. पहिल्या रीलवरच्या सगळ्या लाइक्स आणि कमेंट्स तिथेच राहिल्या. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत, पण चूक माझी होती. रील कुठे लागणार, हे मी आधी विचारलंच नव्हतं.

काकांचं रील सगळीकडे लागणार आहे, म्हणून संगीताच्या स्टॉक साइटवरून परवाना घ्या. तिथे प्लॅन निवडताना एकच गोष्ट शोधा: क्लायंटचं काम यात येतं का? स्वस्त प्लॅन बहुधा फक्त स्वतःच्या चॅनलपुरते असतात. जाहिरात चालवायची तर पेड अ‍ॅड्सचा उल्लेख हवा, लोकल केबलवर किंवा थिएटरमध्ये दाखवायचं तर प्रक्षेपणाचा. आणि दुकानात किंवा प्रदर्शनात टीव्हीवर सतत वाजवणं म्हणजे सार्वजनिक सादरीकरण. परवान्यात ते नसेल तर दुकानातल्या टीव्हीसाठी संगीताशिवायची आवृत्ती द्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घ्यायचं असेल तर नावापुढची अक्षरं वाचा. BY असेल तर श्रेय द्यावंच लागतं, मजकुराच्या जागेत ते द्यायला काकांची तयारी आहे का विचारा. NC म्हणजे व्यावसायिक वापर नाही, तो सोडा. ND म्हणजे बदल करायचा नाही. इथे बरेच जण फसतात. आपण गाणं कापलं नाही, जसंच्या तसं लावलं, म्हणून चालेल असं वाटतं. पण चालत्या चित्राशी संगीत जुळवणं हाच या परवान्यात बदल मानला जातो, त्यामुळे ND संगीत व्हिडिओला लागतच नाही. SA असेल तर पूर्ण रीलच त्याच मोकळ्या परवान्याखाली द्यावं लागतं, आणि ते कुठल्याच क्लायंटला हवं नसतं.

परवाना नीट घेऊनही यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. तिथलं कंटेंट आयडी नावाचं यंत्र ध्वनी ओळखतं, पावती ओळखत नाही. काकांच्या चॅनलवर व्हिडिओ चढवण्याआधी संगीताच्या साइटवर त्या चॅनलची लिंक क्लेममधून वगळायच्या यादीत घाला, अशी सोय बऱ्याच साइटवर असते. तरीही क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. परवान्याचं प्रमाणपत्र उघडा, त्यातला क्रमांक क्लेमच्या उत्तरात लिहा. प्रमाणपत्रावर तुमचं नाव आणि चॅनल काकांचं असेल, तर हे काम त्यांच्यासाठी केल्याचं एका ओळीत सांगा. म्हणूनच हे प्रमाणपत्र काकांकडेही असायला हवं. क्लेम तुम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतो.

पाचवं पाऊल: सोपवताना

फाइल्सबरोबर एक पानाचं परवाना पत्रक द्या. काकांचं असं होईल:

मथळ्याचा फॉन्ट: अडोबी फॉन्ट्स, डिझाइनरच्या सबस्क्रिप्शनवर, कर्व्ह केलेला, फाइल दिलेली नाही.
मजकूर आणि वेबसाइटचा फॉन्ट: मुक्त, ओएफएल, फाइल आणि `OFL.txt` सोबत.
पाकिटावरचा फोटो: कारखान्यात काढलेला, मालकी क्लायंटची; मर्यादा नाही.
वेबसाइटच्या पट्टीचा फोटो: स्टॉक, साधा परवाना, क्लायंटच्या खात्यात, लोगोत वापरू नये.
रीलचं संगीत: परवाना क्रमांक, प्रमाणपत्र सोबत, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि पेड जाहिरात चालेल, केबल आणि दुकानातला टीव्ही नाही.

करारात एखाद्या क्लायंटचा वकील "सर्व साहित्याची संपूर्ण मालकी क्लायंटकडे" असं वाक्य घालतो. त्यावर तशीच सही करू नका. फॉन्ट, स्टॉक फोटो आणि संगीत यांची मालकी तुमच्याकडे नाही, जे तुमचं नाही ते देण्याचं वचन देता येत नाही. त्या वाक्यात "परवाना पत्रकात नोंदवलेलं तिसऱ्या पक्षाचं साहित्य वगळून" एवढं जोडायला सांगा. तुमच्या स्वतःच्या डिझाइनचे हक्क मात्र लेखी द्या, सहीनिशी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतर लेखीच लागतं, मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. काकांचा चिवडा दुबईला जाणार असेल तर तिथे "संपूर्ण जग" लिहा.

परवान्यांचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत दाखवा, डिझाइनच्या रकमेत मिसळू नका. काका विचारतील, "हे कसले रे पैसे?" तेव्हा पत्रकावर बोट ठेवून दाखवा. आणि काकांनी फोटो काढून घेण्याऐवजी स्टॉकच घ्यायचं ठरवलं असेल, तर फोनमध्ये दहाव्या महिन्याची आठवण लावा आणि तेव्हा त्यांना एक फोन करा: आतापर्यंत पाकिटं किती छापली?